पाचशे वॉटांतले आपल्या कामाचे किती?

गावच्या जत्रेतलं रात्रभर चाललेलं नाटक मी तीन कॅमेऱ्यांवर टिपलं होतं. मांडवातले पिवळे दिवे आणि नायिका अंधारात असा प्रकार, त्यामुळे चित्रात रव्यासारखे दाणे. ते काढायला डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसलो की चार-पाच मिनिटांत पडद्यावर `Your GPU memory is full` येऊन काम अडायचं. ग्राफिक्स कार्ड होतं जीटीएक्स 1050 टीआय, मेमरी 4 जीबी. त्याचा दोष नव्हता. त्याच्याकडून एवढ्या कामाची अपेक्षा ठेवणारा मीच चुकत होतो.

मडगावचा एक मुलगा वापरलेलं आरटीएक्स 3070 स्वस्तात विकत होता. मी पैसे जवळजवळ दिलेच होते. जाता जाता त्याने विचारलं, "दादा, एसएमपीएस केवढा आहे?" एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा पॉवर सप्लाय. मी म्हटलं, पाचशे वॉटचा. तो म्हणाला, "कांय जायना, चलतलें. कार्डाला विजेच्या दोन आठ-पिन जोडण्या लागतात, तुमच्याकडे एकच असेल तर हा घ्या," आणि कार्डासोबत जोडवायर फुकट द्यायला निघाला. त्या वायरीच्या एका टोकाला जुन्या धाटणीचे, चार पिनांचे दोन मोलेक्स कनेक्टर, दुसऱ्या टोकाला आठ-पिन. पैशांचा हात मी तिथेच आवरला, खरं तर भीतीने नव्हे, तर या 'चलतलें'ला आधार काय, ते मला सांगता येईना म्हणून. कंपनीच्या माहितीपत्रकात 3070 साठी 650 वॉटचा पॉवर सप्लाय सुचवला आहे, त्याच्याहून धाकट्या 3060 साठी 550. माझ्याकडे दोन्हींपेक्षा कमी. आणि तरी बाजारात पाचशेवर ही कार्डं चालवणारे भेटतात. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा रविवारी घरी आला तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न टाकला. तो म्हणाला, "मामा, खोक्यावरचा पाचशे विसर. कॅबिनेट उघड आणि लेबलचा फोटो काढ."

लेबल एसएमपीएसच्या अशा बाजूला होतं की ते वाचायला चार स्क्रू काढून तो अर्धा बाहेर ओढावा लागला. दोन स्क्रू गंजून बसले होते. आमच्या घरात पावसाळ्यात कपाटाची बिजागरीसुद्धा करकरते, तेव्हा त्यांचं काय नवल. लेबलवर वेगवेगळ्या व्होल्टेजचे रकाने होते. 3.3 व्होल्ट आणि 5 व्होल्ट मिळून जास्तीत जास्त 100 वॉट. 12 व्होल्टवर 32 अँपिअर. उरलेल्या दोन किरकोळ ओळींचे मिळून सोळाएक वॉट. भाच्याने 12 ला 32 ने गुणलं: 384. त्यात शंभर आणि सोळा मिळवले की बरोबर पाचशे.

आजचं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोघेही जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरून घेतात. 5 आणि 3.3 व्होल्टचे शंभर वॉट त्यांच्या काही उपयोगाचे नाहीत. ते हार्डडिस्क, यूएसबी वगैरेंसाठी पडून असतात आणि तिथे वीसएक वॉटसुद्धा क्वचितच लागतात. म्हणजे माझा पाचशेचा एसएमपीएस माझ्या कामापुरता 384 चा होता. चांगल्या नव्या सप्लायमध्ये जवळजवळ पूर्ण आकडा 12 व्होल्टवरच मिळतो, म्हणून दोन 'पाचशे' एकमेकांशी तोलता येत नाहीत. कंपन्या 650 असं मोघम वाढवून सांगतात, त्यामागे ग्राहकाच्या कॅबिनेटमध्ये कसला सप्लाय असेल आणि किती भुकेला प्रोसेसर असेल याचा त्यांना पत्ता नसतो, असं मला वाटतं.

मग आम्ही जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. प्रोसेसर रायझन 5 3600, खोक्यावर 65 वॉट. पण भाच्याने सांगितलं की एएमडीच्या 65 वॉटच्या या प्रोसेसरला सॉकेटमधून 88 वॉटपर्यंत घ्यायची मुभा असते, आणि मदरबोर्डवरचा व्होल्टेज उतरवणारा भाग स्वतः गरम होऊन थोडी वीज खातो, म्हणून शंभर धरायचे. दोन हार्डडिस्क, तीन पंखे वगैरे पंचवीस. कार्डाचे 3070 साठी 220, 3060 साठी 170. म्हणजे 12 व्होल्टवर 3070 सोबत 345 आणि 3060 सोबत 295. लेबलच्या 384 शी ताडलं तर पहिलं नव्वद टक्के, दुसरं सत्याहत्तर.

कागदावर दोन्ही बसत होते. मी म्हटलं, "मग घेऊन टाकतो." भाचा म्हणाला, "हे लेबल तो नवा असतानाचं. 2017 चा आहे ना?"

खरं आहे. आधीच्या मशीनमधून काढून तो मी या मशीनला लावला होता. आत इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर असतात, ते उष्णतेने हळूहळू सुकत जातात, आणि आमच्या खोलीत एसी नाही. उघडून बघू म्हटलं तर भाचा ओरडलाच. 230 व्होल्टचं डीसी केलं की सव्वातीनशेच्या आसपास होतात, आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ते प्लग काढल्यावरही राहू शकतात. पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून एखादा कॅपॅसिटर फुगलाय का एवढंच बघायचं. फुगलेला दिसला नाही, पण न फुगताही कॅपॅसिटर कमजोर होतोच.

मधे एक वाया गेलेला दिवस सांगतो. म्हापशाच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे एसएमपीएस नेला. त्याच्याकडे हातात मावणारी चाचणीची डबी होती. केबल लावली, हिरवे दिवे लागले, "ओके आहे." मी पन्नास रुपये दिले. परतताना लक्षात आलं की डबीने एसएमपीएसकडून काही घेतलंच नव्हतं. रिकामी बैलगाडी चालते म्हणून ती भात ओढेल असं होत नाही. पेपरक्लिपने दोन पिना जोडून नुसता एसएमपीएस सुरू करून पाहायची युक्तीही तेवढंच सांगते: सुरू होतो. माझा प्रश्न ओझ्याखाली तो कितपत वाकतो हा होता.

त्यासाठी मल्टिमीटर पुरला. मशीन चालू असताना एक रिकामा मोलेक्स कनेक्टर घ्यायचा. त्यातल्या काळ्या तारेच्या पिनेवर मीटरचं काळं टोक, पिवळ्या तारेच्या पिनेवर लाल टोक, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. पिवळी म्हणजे 12 व्होल्ट, लाल तार म्हणजे 5. दोन्हींना एकदम टोक लागू द्यायचं नाही, एवढंच भान ठेवायचं. रिकामा कनेक्टर घेण्याचं कारण असं की त्याच्या तारेतून करंट जवळजवळ जात नाही. त्यामुळे तारेतली घट मोजली जात नाही, एसएमपीएसची स्वतःचीच मोजली जाते. मदरबोर्डचं सॉफ्टवेअरही 12 व्होल्ट दाखवतं, पण माझ्या बोर्डवर ते मीटरपेक्षा पाव व्होल्ट जास्त दाखवत होतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

पहिलं रीडिंग आलं 12.6. भाचा म्हणाला, एवढं असू शकत नाही, मीटरची बॅटरी बदल. स्वस्त मीटरची बॅटरी उतरली की ते वाढीव आकडे दाखवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. नवी बॅटरी घातली आणि 12.10 आले.

मशीन रिकामं बसलेलं होतं तेव्हाचे हे 12.10. 5 व्होल्टची ओळ 5.04. मग एकीकडे प्राइम95 आणि दुसरीकडे फरमार्क, म्हणजे प्रोसेसर आणि जुनं कार्ड दोन्ही एकदम पूर्ण वेगाने. रोजच्या कामात असं कधी होत नाही, पण वाईटात वाईट काय हे कळतं. दहा मिनिटांनी 12 व्होल्टची ओळ 11.71 वर आली. आणि गंमत म्हणजे 5 व्होल्टची 5.12 वर चढली.

भाचा या चढण्याने खूश झाला. हे जुन्या धाटणीच्या एसएमपीएसचं लक्षण. त्यात 12 आणि 5 व्होल्ट एकाच नियंत्रणात बांधलेले असतात. 12 वर ओझं पडून तो खाली गेला की नियंत्रण दोन्हींना मिळून वर ढकलतं, आणि ज्याच्यावर ओझं नाही तो 5 व्होल्ट वर जातो. 12 पुरेसा सावरत नाही. नव्या धाटणीत आधी नुसतं 12 व्होल्ट बनवतात आणि त्यातून 5 व 3.3 वेगळे काढतात, म्हणून एकाचं ओझं दुसऱ्याला त्रास देत नाही. कोणता प्रकार आपल्याकडे आहे हे लेबलवर लिहिलेलं नसतं, पण लोड टाकून दोन्ही ओळी मोजल्या की कळतं.

पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स मानकाप्रमाणे 12 व्होल्टच्या ओळीत पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खाली 11.40 पर्यंत. 11.71 म्हणजे अजून जागा होती, पण हे 75 वॉटच्या कार्डावर. आम्ही ढोबळ गणित केलं. रिकाम्या मशीनचा करंट साधारण 3 अँपिअर, पूर्ण लोडवर 16. तेरा अँपिअर वाढले आणि 0.39 व्होल्ट पडले, म्हणजे दर अँपिअरला 0.03. घसरण सरळ रेषेत चालू राहील असं धरलं, तर 3060 साठी 95 वॉट वाढतात, म्हणजे आठ अँपिअर, म्हणजे 0.24 व्होल्ट आणखी खाली: 11.47. 3070 साठी 145 वॉट वाढतात, बारा अँपिअर, 0.36 व्होल्ट: 11.35. मर्यादेच्या खाली. ज्या कार्डाला कागदावर नव्वद टक्क्यांत जागा दिसत होती, ते मीटरवर बाद झालं.

जोडवायरीचा निकालही याच टेबलावर लागला. आठ-पिनच्या एका जोडणीतून 150 वॉट मान्य आहेत, म्हणजे साडेबारा अँपिअर, आणि एसएमपीएसची स्वतःची आठ-पिन केबल तो तीन पिवळ्या तारांत वाटते. मोलेक्सच्या एका टोकात पिवळी तार एकच. माझ्याकडची मोलेक्सची दोन्ही टोकं एकाच केबलवर ओवलेली होती, तेव्हा सगळा करंट एका तारेतून आला असता, आणि वाटेत हार्डडिस्कही तिलाच लटकलेली. हार्डडिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरवरून बनवलेली जोडवायर तर त्याहून वाईट, तिची क्षमता 12 व्होल्टवर 54 वॉटच आहे. मडगावच्या मुलाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तसाही माझा अडथळा मेमरीचा होता आणि 3070 मध्ये ती 8 जीबी, तर 3060 च्या मोठ्या आवृत्तीत 12. स्वस्त दिसलं म्हणून मी आधी वेगच बघत बसलो होतो.

डिचोलीच्या एका मित्राकडे 3060 होतं, एक आठ-पिनवालं. त्याने दोन दिवसांसाठी दिलं. आठ-पिन लावताना एक चूक होण्यासारखी आहे. प्रोसेसरची जोडणीही आठ-पिनचीच असते, पण ती मधोमध चार-चारमध्ये फुटते, तर कार्डाची सहा आणि दोनमध्ये. दोन्हींत 12 व्होल्ट आणि जमिनीच्या पिना उलट बाजूला असतात. कनेक्टर सहज बसत नसेल तर ढकलायचा नाही.

एकदम पूर्ण वेगाने न चालवता आम्ही कार्डाला वेसण घातली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड खिडकी उघडून:

```
nvidia-smi -pl 110
nvidia-smi --query-gpu=power.draw --format=csv -l 1
```

पहिली ओळ कार्डाला 110 वॉटवर थांबवते, दुसरी दर सेकंदाला ते किती घेतंय ते दाखवते. मशीन पुन्हा सुरू केलं की ही मर्यादा निघून जाते. 110 वर मीटर 11.62. मर्यादा 140 केली, 11.55. पूर्ण 170, 11.45. 5 व्होल्टची ओळ तोवर 5.21 ला पोचली होती, तिची वरची मर्यादा 5.25. टेबलावरचं गणित 0.02 व्होल्टनेच चुकलं. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

11.45 म्हणजे नियमात बसलं, असं मी म्हणत होतो. रात्री नाटकाचा दुसरा अंक रेंडरला लावला, 170 वॉट पूर्ण. पाऊण तासाने खोलीत अचानक शांतता झाली. पंखे थांबले, दिवे गेले, बटण दाबूनही काही होईना. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबलो, तेव्हा सुरू झालं. विंडोजच्या नोंदीत `Kernel-Power 41` एवढंच. ही नोंद फक्त मशीन न सांगता बंद पडलं एवढं सांगते, कशामुळे ते नाही. कारण कळतं ते मशीन कसं पडलं यावरून. कार्डाचा ड्रायव्हर कोसळला तर पडदा काळा होतो किंवा थिजतो, पण पंखे फिरत राहतात. सगळंच एका क्षणी मेलं आणि वीज तोडून जोडल्याशिवाय उठेना, तर एसएमपीएसच्या संरक्षणाने स्वतःला बंद केलं.

मीटर तर 11.45 दाखवत होता, मग का? मीटर सेकंदाला दोन-तीनदा सरासरी दाखवतो. कार्डाचा लोड मात्र मिलिसेकंदात उसळतो, आणि 3000 मालिकेची कार्डं क्षणभर आपल्या ठरलेल्या वॉटच्या बरीच वर जातात. म्हणजे 11.45 हा तलावाचा शांत पृष्ठभाग होता, लाटा मला दिसत नव्हत्या. कॅपॅसिटर ताजे असते तर त्या लाटा त्यांनी गिळल्या असत्या. मर्यादा 130 वर ठेवून पुन्हा लावलं तर रेंडर सकाळपर्यंत सलग चाललं, आणि वेळही थोडाच जास्त लागला. नाटक वेळेत दिलं.

पण आठ वर्षांचा, गंजक्या स्क्रूंचा, वाकणारा एसएमपीएस वेसणीवर किती दिवस ओढायचा? मित्राचं कार्ड परत केलं, तसंच 3060 स्वतः घेतलं आणि नवा 650 वॉटचा सप्लायही घेतला. दुकानात मी खोका न बघता लेबल मागितलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा चक्रावला. 12 व्होल्टवर 54 अँपिअर, म्हणजे 648 वॉट. साडेपाच हजारांच्या आसपास गेले. केबल सुट्या निघणाऱ्या होत्या, आणि जुन्यातल्या एखाद-दुसऱ्या वापरून गुंता कमी करावा असा मोह झाला. तो भाच्याने फोनवरच मोडला: एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिना प्रत्येक कंपनीच्या, कधी प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या असतात. तिथे चुकीची केबल बसते, आणि 12 व्होल्ट नको तिथे जातो. सगळ्या नव्याच लावल्या.

तीच परीक्षा, तसाच रिकामा मोलेक्स: रिकाम्या मशीनवर 12.08, कार्ड पूर्ण 170 वर आणि प्रोसेसरही भरात असताना 12.03. 5 व्होल्ट जागच्या जागी.

आता सगळं झालं असं वाटलं, आणि जुलैच्या एका दुपारी पावसात लाईट गेली. यूपीएसने एक लांब किंकाळी फोडली आणि मशीन बंद. त्याच्या पाठीवर 600 व्हीए लिहिलंय, खाली बारीक अक्षरात 360 वॉट. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून मोजलं तर रेंडर चालू असताना मशीन भिंतीतून 345 घेत होतं आणि मॉनिटर 25. दहा वॉटनी चुकलो होतो. मॉनिटर यूपीएसवरून काढून साध्या सॉकेटवर टाकला, आणि ढग दाटून आले की मशीनवर `nvidia-smi -pl 130` चालवून ठेवतो.